सलग दोन उच्चांक



ही व्याख्यानमाला एका गणित-शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून आज फळ्यावर बोरेल-कँटेली लेम्याची संपूर्ण सिद्धता लिहिण्याची मोकळीक मी घेणार आहे. सिद्धता लहान आहे, पण ती नीट कळावी म्हणून उदाहरण आपल्या ओळखीचे घेतो. ते पावसाचे आहे.

शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पश्चिम घाटावर ढग रिकामे होतात आणि इथे पोहोचतो तो उरलेला पाऊस. त्यामुळे इथल्या माणसाला पावसाचे आकडे पाठ असतात. पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घेतात, म्हणजे आदल्या चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये. अशा नोंदींची बेरीज केली की त्या वर्षाचा एक आकडा हाती येतो. वर्षामागून वर्ष असे आकडे एकाखाली एक लिहीत गेलो तर एक यादी तयार होते. आजचे सगळे बोलणे त्या यादीबद्दल आहे.

एखाद्या वर्षाचा पाऊस यादीतल्या आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त असेल तर त्या वर्षाला आपण उच्चांकाचे वर्ष म्हणू. पहिल्या वर्षाच्या आधी काहीच नसते, म्हणून ते आपोआप उच्चांकाचे. आता दोन प्रश्न विचारतो. यादी कधीच संपली नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालतच राहिली, तर उच्चांकाची वर्षे येतच राहतील का? आणि दुसरा प्रश्न: लागोपाठ दोन वर्षे उच्चांकाची, यंदा आजवरचा सर्वांत मोठा पाऊस आणि पुढच्या वर्षी त्याहूनही मोठा, असे जोडउच्चांकही येतच राहतील का?

यादी लांबत जाते तसा उच्चांक मोडणे अवघड होत जाते. जोडउच्चांक तर आणखी अवघड. दोन्हींची संभाव्यता शून्याकडे जाते, एवढे कुणालाही पटेल. तरीही दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्याचे उत्तर आहे, होय, अनंत वेळा येतील. दुसऱ्याचे आहे, नाही, जोडउच्चांक मोजकेच येतील आणि मग कायमचे थांबतील. संभाव्यता शून्याकडे जाते की नाही, एवढ्यावरून हा निवाडा होत नाही. ती किती वेगाने जाते आणि सगळ्या संभाव्यतांची बेरीज किती होते, हे पाहावे लागते.

हिशेबाला बसण्याआधी एक गृहीतक उघडपणे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपण असे धरतो की पावसाचा स्वभाव काळानुसार बदलत नाही. कोणतीही ठरावीक वर्षे घेतली तर लहान-मोठेपणाच्या दृष्टीने त्यांचे सगळे क्रम सारखेच संभवनीय आहेत. चार वर्षे घेतली तर त्यांना मोठेपणाप्रमाणे लावण्याचे चोवीस क्रम होतात, आणि प्रत्येक क्रमाची संभाव्यता एक-चोविसांश. दोन वर्षांचा पाऊस तंतोतंत सारखा येणे हिशेबात धरत नाही. हे गृहीतक खरे आहे की नाही, आणि खरे नसल्यास कसे ओळखायचे, याकडे शेवटी येतो.

या गृहीतकाची एक मोठी सोय आहे. पाऊस सरासरी किती पडतो, त्याचे चढउतार किती, आलेख कोणत्या आकाराचा, यातले काहीही लागत नाही. फक्त क्रम पुरतो. क-वे वर्ष उच्चांकाचे असणे म्हणजे पहिल्या क वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस नेमका शेवटच्या जागी असणे. मोठ्यात मोठा पाऊस क जागांपैकी कुठेही असू शकतो आणि सगळ्या जागा सारख्याच, म्हणून संभाव्यता १/क. दहाव्या वर्षी एक-दशांश, शंभराव्या वर्षी एक-शतांश.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथूनच निघते. समजा शंभर वर्षांची यादी हाती आहे. पुढच्या शंभर वर्षांत एकही उच्चांक न येण्याची संभाव्यता किती? उच्चांक आला नाही याचा अर्थ दोनशे वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस पहिल्या शंभरातच आहे. त्याची संभाव्यता १००/२००, म्हणजे निम्मी. हजाराव्या वर्षापर्यंत एकही उच्चांक न येण्याची संभाव्यता १००/१०००, म्हणजे एक-दशांश. मुदत वाढवत नेली की हा अपूर्णांक शून्याकडे जातो. म्हणजे पुढचा उच्चांक कधी ना कधी येणारच. तो आल्यावर त्याच्या पुढच्या उच्चांकासाठीही हाच युक्तिवाद लागू होतो, आणि उच्चांकांना अंत नाही हे सिद्ध होते. मात्र ते फार विरळ होत जातात. शंभर वर्षांत अपेक्षित उच्चांक किती, तर १ + १/२ + १/३ पासून १/१०० पर्यंतची बेरीज, म्हणजे सुमारे ५.१९. हजार वर्षांत सुमारे ७.४९. नऊशे वर्षांनी भर पडते ती सुमारे २.३ उच्चांकांची. तरीही ही बेरीज कुठेच अडत नाही. कितीही मोठा आकडा सांगा, ती कधीतरी त्याच्या पुढे जाते.

आता जोडउच्चांकाकडे वळू. क-वे आणि त्याच्या पुढचे, अशी दोन्ही वर्षे उच्चांकाची आहेत, या घटनेला ‘क-वी जोडी’ म्हणू. इथे पहिली क+१ वर्षे पाहायची. त्यांतला सर्वांत मोठा पाऊस शेवटच्या जागी हवा आणि दुसऱ्या क्रमांकाचा मोठा पाऊस शेवटून दुसऱ्या जागी हवा. सर्वांत मोठ्यासाठी क+१ जागा होत्या, त्यांतली एक ठरली. उरलेल्या क जागांपैकी एक दुसऱ्या क्रमांकाच्या पावसासाठी ठरली. म्हणून क-व्या जोडीची संभाव्यता १/[क(क+१)].

चार वर्षांवर ताळा घेऊ. पावसांना लहानापासून मोठ्यापर्यंत १, २, ३, ४ अशा खुणा देऊ. पहिली जोडी म्हणजे पहिले आणि दुसरे वर्ष. पहिले आपोआप उच्चांकाचे, तेव्हा दुसऱ्या वर्षाचा पाऊस पहिल्याहून जास्त असला की झाले. चोविसांपैकी बारा क्रमांत असे होते, सूत्रही १/२ सांगते. दुसरी जोडी म्हणजे दुसरे आणि तिसरे वर्ष. त्यासाठी पहिली तीन वर्षे चढत्या क्रमाने हवीत. असे क्रम चार: १२३४, १२४३, १३४२ आणि २३४१. चोविसांत चार म्हणजे १/६. तिसऱ्या जोडीसाठी शेवटची दोन वर्षे ३, ४ अशीच हवीत. असे क्रम दोन, १२३४ आणि २१३४, म्हणजे १/१२. सूत्र तिन्ही ठिकाणी जुळते.

या चोवीस क्रमांकडे जरा थांबून पाहा, कारण लेम्याचे मर्म इथेच दिसते. दुसरी जोडी घडली की पहिली घडलेलीच असते. पहिली तीन वर्षे चढती असतील तर पहिली दोन चढती असणारच. म्हणजे या दोन घटना अजिबात स्वतंत्र नाहीत. स्वतंत्र असत्या तर दोन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता १/२ गुणिले १/६, म्हणजे १/१२ आली असती. प्रत्यक्षात ती १/६ आहे, दुप्पट. दुसरी आणि तिसरी जोडी एकत्र घडण्यासाठी चारही वर्षे चढती हवीत. ते १/२४ वेळा होते, आणि गुणाकार १/७२ देतो. इथे तिप्पट फरक. शेजारच्या जोड्या एकमेकींना धरून येतात, कारण मधले वर्ष दोघींचे सामाईक आहे.

संभाव्यतेतली पुष्कळ प्रमेये घटना स्वतंत्र असल्या तरच चालतात. ज्या लेम्यासाठी आपण जमलो आहोत त्याला या परस्परसंबंधाशी काही देणेघेणे नाही. तो असा आहे.

घटनांची न संपणारी मालिका आहे. त्यांच्या संभाव्यतांची बेरीज सांत असेल, म्हणजे कितीही पुढे गेलो तरी एका ठरावीक आकड्याच्या वर जात नसेल, तर त्यांपैकी अनंत घटना घडण्याची संभाव्यता शून्य.

सिद्धता अशी. अनंत घटना घडल्या म्हणजे नेमके काय झाले? कोणताही टप्पा ख सांगा, त्या टप्प्यापासून पुढे निदान एक घटना घडते. एकही घडली नसती तर घडलेल्या सगळ्या घटना ख च्या आत संपल्या असत्या आणि त्या मोजक्याच ठरल्या असत्या. तेव्हा ‘अनंत घडतात’ ही गोष्ट ‘ख पासून पुढे निदान एक घडते’ या गोष्टीच्या पोटात बसते, आणि ख कोणताही असला तरी बसते. आता ख पासून पुढे निदान एक घडण्याची संभाव्यता किती असू शकते? त्या सगळ्या घटनांच्या संभाव्यतांच्या बेरजेहून जास्त नाही. दोन घटना एकमेकींवर येत असतील तर बेरजेत तो भाग दोनदा मोजला जातो, त्यामुळे बेरीज फार तर जास्त भरते, कमी कधीच नाही. स्वतंत्रतेचा प्रश्न मुळात उद्भवत नाही तो याच पायरीवर. हीच असमता अनंत घटनांपर्यंत नेता येते, कारण १९३३ साली कोल्मोगोरोवने संभाव्यतेचे जे पायाभूत नियम मांडले त्यांत ही परवानगी आहे.

उरली ख पासून पुढची बेरीज. तिला शेपटीची बेरीज म्हणतात. पूर्ण बेरीज सांत असेल तर सुरुवातीची पुरेशी पदे घेतल्यावर उरते ते हवे तितके लहान करता येते. शेपटीची बेरीज ख वाढेल तशी शून्याकडे जाते. अनंत घटना घडण्याची संभाव्यता ही एकच ठरावीक संख्या, आणि ती या प्रत्येक शेपटीहून मोठी नाही. शेपट्या शून्याकडे जातात, म्हणून ती संख्या शून्यच. सिद्धता संपली.

आता जोडउच्चांकांची बेरीज करू. १/२ + १/६ + १/१२ + १/२० अशी ती पुढे जाते. युक्ती शाळेतलीच आहे: १/[क(क+१)] म्हणजे १/क वजा १/(क+१). म्हणून बेरीज अशी लिहिता येते: (१ − १/२) + (१/२ − १/३) + (१/३ − १/४) आणि पुढे. प्रत्येक मधले पद एकदा वजा आणि एकदा अधिक येऊन कटते. उरतो एक. बेरीज सांत आहे, लेमा लागू झाला: जोडउच्चांक अनंत वेळा येण्याची संभाव्यता शून्य.

शेपटीची बेरीजही नेमकी काढता येते. ख-व्या जोडीपासून पुढच्या सगळ्या जोड्यांची बेरीज बरोबर १/ख. मला लेम्याच्या विधानापेक्षा ही ओळ जास्त उपयोगाची वाटते. ‘अनंत वेळा नाही’ हे विधान माणसाच्या आयुष्याच्या मापाचे नाही. अनंत वर्षे कुणी पाहणार नाही. पण शेपटी सांगते की शंभरावे आणि एकशे एकावे वर्ष या जोडीपासून पुढे, जगाच्या अंतापर्यंत, एकसुद्धा जोडउच्चांक येण्याची संभाव्यता एक-शतांशाहून जास्त नाही. साधा उच्चांक मात्र त्याच काळात येणारच येणार. ही संभाव्यता आकड्यांचा क्रम आधी न पाहता काढलेली आहे, हे ध्यानात ठेवावे. एखादे वर्ष उच्चांकाचे ठरले हे कळल्यावर विचारले, तर त्याच्या लगतच्या जोडीपुरता हिशेब बदलेल.

इथे दोन गैरसमज नेहमी होतात. बेरीज सांत आली म्हणजे घटना घडतच नाही, असे काही जण समजतात. तसे नाही. जोडउच्चांकांची अपेक्षित संख्या म्हणजे हीच बेरीज, एक. अनंत काळाच्या यादीत सरासरी एक जोडउच्चांक, आणि तोही बहुधा सुरुवातीच्या काही वर्षांतच, कारण पहिल्या जोडीचाच वाटा निम्मा आहे. या उदाहरणात तर एकूण संख्येचे वितरणही माहीत आहे. ती सरासरी एक असलेल्या प्वासाँ नियमाने वागते. त्यावरून एकही जोडउच्चांक कधीच न येण्याची संभाव्यता सुमारे ०.३७ निघते, आणि चार किंवा जास्त येण्याची सुमारे ०.०२. दुसरा गैरसमज असा, की मोजकेच असतील तर शेवटचा ओळखता येईल. तोही नाही. शेवटचा जोडउच्चांक घडून गेला तरी तो शेवटचा होता हे त्या दिवशी कळायला मार्ग नाही. शेपटीवरून एवढेच सांगता येते की अजून एक येण्याची शक्यता आता जास्तीत जास्त किती उरली.

या लेम्याला बोरेल आणि कँटेली अशी दोन नावे का, तेही सांगतो. फ्रान्सच्या एमिल बोरेलने १९०९ साली पालेर्मोच्या गणित मंडळाच्या नियतकालिकात एक मोठा निबंध लिहिला. एखादी संख्या दशांशात लिहिली तर तिच्यातले अंक कोणत्या प्रमाणात येतात, अशा प्रश्नांसाठी त्याला अनंत घटनांचा हिशेब हवा होता. त्याने घटना स्वतंत्र मानल्या आणि दोन्ही बाजू मांडल्या: बेरीज सांत असेल तर मोजक्याच घटना, बेरीज अनंत असेल तर अनंत घटना. पालेर्मोतच जन्मलेल्या फ्रांचेस्को पाओलो कँटेलीने १९१७ साली पहिल्या बाजूत स्वतंत्रतेची अट अनावश्यक असल्याचे दाखवले. दुसऱ्या बाजूला मात्र काही ना काही अट लागतेच, निव्वळ बेरीज अनंत असणे पुरत नाही. कँटेली विम्याच्या गणितातला माणूस होता. तिथे एकमेकांत गुंतलेल्या घटनांशी रोजचाच संबंध येतो, आणि अशा माणसाने ही अट काढून टाकावी हे मला फार सुंदर वाटते.

पण अट गेली म्हणून परस्परसंबंधाचा विचारच करायला नको, असा अर्थ कुणी काढला तर तो फसेल. कसा, ते शिरूर आणि दौंड या दोन ठिकाणच्या पावसावरच दाखवतो.

तिसरा प्रश्न असा. एकाच वर्षी शिरूरमध्येही उच्चांक आणि दौंडमध्येही उच्चांक, असे सहउच्चांक अनंत वेळा येतील का? चटकन कुणी म्हणेल, शिरूरला १/क, दौंडला १/क, दोन्ही मिळून १/क². एकाचा वर्ग, दोनाचा वर्ग, तीनाचा वर्ग अशा व्यस्तांची बेरीज सुमारे १.६४५ भरते. सांत आहे, तेव्हा सहउच्चांक मोजकेच. हे उत्तर लेम्याच्या नावावर खपेल, पण त्यातला गुणाकार लेम्याने दिलेला नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या घटना एकमेकांशी कशा बांधलेल्या आहेत हे लेमा विचारत नाही, एवढेच. एका वर्षाच्या घटनेची संभाव्यता किती, हे आपणच काढून त्याच्या हाती द्यायचे असते. तिथे दोन गावांच्या पावसाचा संबंध लपवता येत नाही. दोन्हीकडे मान्सून तोच, परतीच्या पावसाचे ढगही बऱ्याचदा तेच.

टोकाची कल्पना करा की दोन्ही ठिकाणचा पाऊस मोठेपणाच्या क्रमाने कायम जुळतो. शिरूरचे सर्वांत पावसाळी वर्ष तेच दौंडचे, दुसऱ्या क्रमांकाचेही तेच, असे सगळे. मग सहउच्चांकाची संभाव्यता १/क इतकीच राहते, बेरीज अनंत होते, आणि पहिला प्रश्न वेगळ्या वेषात परत येतो. सहउच्चांक अनंत वेळा येतील.

वास्तव या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. मधल्या जागेत काय घडते याचे उत्तर मला स्वतःला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते. दोन ठिकाणच्या पावसांचे संयुक्त वितरण द्विचल सामान्य वितरणासारखे असेल, तर सहसंबंध कितीही घट्ट असू द्या, तो पूर्ण एक नसला की सहउच्चांकांच्या संभाव्यतांची बेरीज सांतच राहते. सहसंबंध ०.९ असला तरी. कारण सामान्य वितरणात अगदी टोकाची मूल्ये हळूहळू एकमेकांपासून सुटतात. एका ठिकाणी फारच मोठा पाऊस झाला तर दुसऱ्या ठिकाणी मोठा झाला असेल, पण तितकाच टोकाचा असेलच असे नाही. याउलट एखादे मोठे वादळी स्वरूपाचे पावसाचे क्षेत्र दोन्ही तालुक्यांवर एकदम येत असेल, आणि एका ठिकाणी टोकाचा पाऊस झाला की ठरावीक प्रमाणात दुसरीकडेही टोकाचा होतोच, अशी रचना असेल, तर संभाव्यता १/क च्या एखाद्या ठरावीक अंशाइतकी राहते. मग बेरीज अनंत. सरासरी वर्षांतला सहसंबंध दोन्ही रचनांत सारखाच दिसू शकतो. निर्णय होतो तो फक्त टोकाच्या वर्षांत दोन्ही ठिकाणे किती जोडलेली आहेत यावर, आणि टोकाची वर्षे तर यादीत मोजकीच असतात. म्हणून शिरूर-दौंडच्या सहउच्चांकांबद्दल कुणी ठाम निकाल दिला, तर त्याने टोकाच्या वर्षांसाठी काय गृहीत धरले हे आधी विचारावे.

एका ठिकाणच्या जोडउच्चांकाचा निकाल या अडचणीतून मोकळा आहे, कारण तिथे क्रम मोजणे पुरते. तिथली अडचण वेगळी आहे. ती सुरुवातीला धरलेल्या गृहीतकात आहे.

समजा पाऊस वर्षागणिक थोडाथोडा वाढतो आहे. प्रत्येक वर्षी ठरावीक वाढ आणि तिच्यावर नेहमीचे चढउतार. अशा यादीत जुनी वर्षे मागे पडत जातात, नव्या वर्षाची खरी स्पर्धा फक्त अलीकडच्या वर्षांशी उरते. त्यामुळे उच्चांकाची संभाव्यता १/क सारखी घसरत नाही, एका धन संख्येवर स्थिरावते. जोडउच्चांकाचेही तसेच. बेरीज अनंत होते, लेमा लागू होत नाही, आणि जोडउच्चांक खरोखरच अनंत वेळा येतात. वाढ किती लहान आहे याने फरक पडतो तो वेगात, निकालात नाही.

वाढ पावसातच असेल असेही नाही, ती मोजणीत असू शकते. जुन्या पद्धतीच्या सायमन्स पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास १२७ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १२७ चौरस सेंटीमीटर. २०० चौरस सेंटीमीटर तोंडाचे मापकही वापरात आहेत. प्रत्येकाची मोजणीची काचनळी वेगळी असते, कारण तेवढ्याच पावसाचे पाणी मोठ्या तोंडातून जास्त जमते. मोठ्या मापकातले पाणी लहान मापकाच्या नळीने मोजले तर १०० मिलिमीटरचा पाऊस सुमारे १५८ दिसेल. अशा चुकीचे एक वर्ष गेले तर यादीत खोटा उच्चांक बसतो, आणि तो इतका उंच असतो की त्यानंतरचे खरे उच्चांकही त्याच्याखाली दडून जातात. याच्या उलट, मापकाजवळ झाड वाढत जाते आणि पाऊस अडवू लागतो. म्हणूनच मापकापासून झाडाचे किंवा भिंतीचे अंतर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट असावे असा दंडक आहे. तो सुटला की आकडे वर्षागणिक खाली सरकतात आणि उच्चांक येणेच बंद होते.

हे ओळखायचे कसे? उच्चांक मोजून. शंभर वर्षांत अपेक्षित संख्या ५.१९ आणि प्रमाण विचलन सुमारे १.९. तेव्हा तीन ते सात उच्चांक दिसले तर नवल नाही. दहा दिसले तर गृहीतकाकडे संशयाने पाहावे. दुसरी तपासणी मला जास्त आवडते: यादी शेवटाकडून उलटी वाचायची. सगळे क्रम सारखेच संभवनीय असतील तर उलट्या वाचनातही अपेक्षित उच्चांक तेवढेच. पाऊस वाढत असेल तर सुलट वाचनात उच्चांक जास्त आणि उलट वाचनात कमी निघतात. मापकापाशी झाड वाढले असेल तर नेमके याच्या विरुद्ध. फॉस्टर आणि स्टुअर्ट या संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ साली याच कल्पनेवर कसोट्या बांधल्या. त्यांत पावसाच्या वितरणाबद्दल काहीही धरावे लागत नाही. दोन वाचनांत दोन-तीन उच्चांकांचा फरक निघाला तर तो नशिबाचाही असू शकतो. पाच-सहाचा निघाला तर कारण शोधावे.

जोडउच्चांकाची तपासणी याहून कडक आहे. ज्या यादीत पन्नासाव्या वर्षानंतर जोडउच्चांक सापडतो, तिथे शेपटीची बेरीज सांगते की गृहीतक बरोबर असताना असे घडण्याची संभाव्यता पन्नासात एकाहून जास्त नव्हती. दोन सापडले तर आणखी कमी. हवामान खात्याच्या राष्ट्रीय विदा केंद्राचे कार्यालय पुण्यातच शिवाजीनगरला आहे. तिथून तालुक्याच्या जुन्या नोंदी हाती आल्या तर आधी ज्या वर्षांच्या नोंदी अपुऱ्या आहेत ती बाजूला काढावीत. एका महिन्याची पाने गहाळ असली की वार्षिक बेरीज खोटी ठरते आणि पुढच्या वर्षाला फुकटचा उच्चांक मिळू शकतो. मग पहिल्या वर्षापासून खाली येत प्रत्येक उच्चांकापुढे खूण करावी. दोन खुणा लगत आल्या की तिथे थांबून वर्षाचा क्रमांक पाहावा. तो दुसरा-तिसरा असेल तर पुढे जावे. तो साठावा-सत्तरावा असेल, तर त्या वर्षी किंवा त्याच्या आधी मापक हलवला होता का, बदलला होता का, नळी कोणती वापरात होती, याची चौकशी करावी. हे सगळे ठाकठीक निघाले तरच पाऊस बदलतो आहे का या प्रश्नाकडे वळावे.